बायोसच्या चिपला हात लावण्याआधी: रॉम, ईप्रॉम आणि फ्लॅशच्या या चुका टाळा

दुकानात बंद बोर्ड दोन प्रकारचे येतात. एक स्वतःहून बंद पडलेले, दुसरे कुणीतरी आधीच ‘रिपेअर’ केलेले. पहिल्यांचा मला त्रास नाही. दुसऱ्यांत मात्र हल्ली एकच गोष्ट सारखी दिसते: बायोसच्या, म्हणजे पीसी चालू होताना पहिला चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपवर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. लिहिणाऱ्याने स्वस्तातला प्रोग्रॅमर, म्हणजे चिपवर लिहायचं यंत्र, घेतलेला असतो, दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि समोरची चिप पुसली कशी जाते याची त्याने चौकशीही केलेली नसते.

रॉमच्या, म्हणजे वीज गेली तरी मजकूर धरून ठेवणाऱ्या चिपांच्या, घराण्यातली भावंडं वेगळी ओळखायची तर एवढाच प्रश्न पुरतो: पुसायचं कसं? वाचतात सगळ्या जवळपास सारख्याच. पुसण्याची तऱ्हा कळली की लिहायचं कसं, आणि बूट फर्मवेअरसाठी ती चिप का निवडली, तेही कळतं.

आधी घराणं

मास्क रॉम पुसताच येत नाही. त्यातले बिट कारखान्यात, चिप बनतानाच मास्कमधून उमटतात. फोनच्या किंवा मायक्रोकंट्रोलरच्या पोटात वीज आल्याबरोबर जो पहिला कोड चालतो, तो आजही अशाच रॉममध्ये असतो. त्याला बूटरॉम म्हणतात. त्यात चूक राहिली तर ती राहिलीच. २०१९ मध्ये आयफोनच्या ए५ ते ए११ प्रोसेसरांच्या बूटरॉममधलं ‘चेकमेट’ नावाचं भगदाड बाहेर आलं. विकल्या गेलेल्या फोनांत ते कोणत्याही अपडेटने बुजवता आलं नाही, कारण जिथे बुजवायचं तिथे लिहिताच येत नाही.

प्रॉम कोरी मिळते आणि तुम्ही ती एकदाच लिहिता. आत बारीक फ्यूज असतात, जास्त करंट देऊन हवे ते जाळायचे. वेन त्सिंग चाऊ यांनी १९५६ मध्ये ही कल्पना अमेरिकेच्या ॲटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी काढली. ‘चिप बर्न करणे’ हा आपल्या धंद्यातला शब्दप्रयोग त्या जाळण्यातून आलेला आहे.

ईप्रॉम १९७१ ची. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी केलेल्या पहिल्या चिपमध्ये, १७०२ मध्ये, फक्त २५६ बाइट मावत. इथून फ्यूज गेले आणि तरंगतं गेट आलं. चारही बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेल्या या कप्प्यात जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन कोंबायचे, की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. बाहेर काढायचे तर चिपवरच्या क्वार्ट्‌झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश द्यायचा, आणि मग सगळी चिप एकदम पुसली जाते. अर्धी पुसायची सोय नाही.

ईईप्रॉममध्ये हेच काम विजेने होतं, तेही एकेक बाइट. सोय उत्तम, पण प्रत्येक बाइटमागे जास्त जागा लागते. म्हणून ती लहान आणि महाग राहिली. टीव्हीच्या सेटिंग, रॅमच्या पट्टीवरची माहिती, लॅपटॉपच्या कीबोर्ड कंट्रोलरचे थोडे बाइट, अशा कामांना ती आजही असते.

फ्लॅशने मधला रस्ता काढला. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. पुसायचं विजेनेच, पण एकेक बाइट न पुसता गठ्ठ्याने. त्यामुळे प्रत्येक बिटाची जागा कमी झाली आणि चिप स्वस्त झाली. तिच्या दोन जाती. नॅंड पेन ड्राइव्ह आणि एसएसडीत असते. नॉरमधून कोणताही बाइट थेट वाचता येतो, म्हणून बायोस नॉरमध्ये असतो. तुमच्या बोर्डावरची आठ पायांची चिप म्हणजे हीच एसपीआय नॉर फ्लॅश, बहुतेक वेळा ८ किंवा १६ मेगाबाइटची.

बायोस ईप्रॉममध्ये असायचा तेव्हा तो बिघडवायला निदान खिडकीवरचा स्टिकर तरी काढावा लागे. नव्वदच्या दशकात तो फ्लॅशमध्ये गेला, फ्लॉपीवरून अपडेट व्हायला लागला, आणि जे अपडेटला जमतं ते व्हायरसलाही जमतं हे २६ एप्रिल १९९९ ला जगाने पाहिलं. सीआयएच व्हायरसने त्या दिवशी असंख्य पीसींच्या डिस्कवर कचरा लिहिला आणि जमेल तिथे बायोसच्या फ्लॅशवरही. डिस्क निदान पुन्हा फॉरमॅट करता यायची. बायोस गेलेला पीसी सुरूच होत नसे. चिप उपसून बाहेरच्या प्रोग्रॅमरवर लिहायची, नाहीतर नवी बसवायची.

चूक: न पुसता लिहिणे

कोऱ्या फ्लॅशचा प्रत्येक बाइट `FF` असतो, म्हणजे सगळे बिट १. लिहिणं म्हणजे काही बिट १ चे ० करणं. उलटं, म्हणजे ० चा १, लिहून होत नाही. त्याला पुसावंच लागतं, आणि या चिपमध्ये पुसण्याचा सर्वांत लहान गठ्ठा सहसा ४ किलोबाइटचा असतो. एक बाइट बदलायचा तरी ते ४ किलोबाइट आधी वाचून बाजूला ठेवायचे, गठ्ठा पुसायचा आणि दुरुस्त करून परत लिहायचे.

न पुसता लिहिलं तर चिप तक्रार करत नाही, हीच मेख आहे. जुन्या आणि नव्या बाइटमध्ये दोन्हीकडे १ असलेले बिटच फक्त १ राहतात. समजा जागेवर `EB` आहे आणि तुम्ही `E9` लिहिलं. एक बिट १ चा ० व्हायचा आहे, तो होतो, आणि तुम्हाला वाटतं जमलं. आता `E9` असलेल्या जागी `EB` लिहून बघा. तिथे `E9` च राहील. अशी फाइल हेक्स एडिटरमध्ये पाहिली तर काही ओळी बरोबर, काही चुकीच्या, आणि मग चिपच खराब म्हणून नवी चिप मागवली जाते. तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर पुसणं, कोरी आहे का बघणं, लिहिणं, पडताळणं ही चारही बटणं याच क्रमाने दाबा. ‘वेळ वाचतो’ म्हणून पडताळणी सोडणारी माणसं मला समजत नाहीत. आठ मेगाबाइट पडताळायला चहा संपण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही.

आर्डुइनोवरून स्वतः कोड लिहून या चिपशी बोलणाऱ्यांसाठी तीन लक्षणं सांगतो. काहीच लिहिलं जात नसेल तर प्रत्येक पुसण्याआधी आणि प्रत्येक लिहिण्याआधी `06` कमांड जात नाहीये. एकदा देऊन भागत नाही, प्रत्येक कामानंतर ती परवानगी आपोआप रद्द होते. मजकूर सरमिसळ दिसत असेल तर पुसणं राहिलंय, किंवा पुसून होण्याआधीच लिहायला घेतलंय. `05` ने स्टेटस वाचत थांबायचं असतं, अंदाजाने नाही. आणि २५६ बाइटांनंतरचा मजकूर आधीच्या मजकुरावर चढत असेल तर तुम्ही पानाची हद्द ओलांडताय. चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला परत येते.

सर्वांत महागात पडणारी चूक: ‘डेड बोर्डाचा बॅकअप काय घ्यायचा?’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देण्याआधी चहा मागवतो.

एका सीएच्या ऑफिसात सारख्याच बोर्डाचे दोन डेस्कटॉप होते. नवा प्रोसेसर टाकायचा म्हणून तिथल्या उत्साही मुलाने दोन्हींवर एकाच संध्याकाळी बायोस अपडेट लावलं आणि मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती. दोन्ही पीसी बंद. इथवर दोष नशिबाचा, फार तर यूपीएसचा. खरी गंमत नंतर झाली.

ओळखीतल्या एका रिपेअरवाल्याने दोन्ही चिपा सॉकेटमधून काढल्या आणि आतलं काही न वाचता सरळ पुसून टाकल्या. मग बोर्डाच्या साइटवरून बायोसची फाइल उतरवली. चिप ८ मेगाबाइटची, म्हणजे ८३८८६०८ बाइट. फाइल निघाली ८३९०६५६ बाइटची. सॉफ्टवेअर म्हणालं, फाइल मोठी आहे. याने फरक काढला, २०४८ बाइट, आणि फाइलच्या शेवटून तेवढे कापून टाकले. चिपवर लिहिलं, पडताळणी पास, बोर्ड तसाच बंद.

कापायचं होतं पुढून. अशा कॅप्सूल फाइलच्या सुरुवातीला २०४८ बाइटचं पाकीट असतं, ते अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. चिपमध्ये ते जात नाही. इंटेलच्या वंशाचा प्रोसेसर चालू होताना पहिली सूचना `FFFFFFF0` या पत्त्यावर शोधतो, आणि तो पत्ता म्हणजे बायोसच्या चिपचे अगदी शेवटचे १६ बाइट. शेपूट कापल्यावर तिथे काय उरणार? शिवाय बाकीचा सगळा मजकूर २०४८ बाइटांनी सरकलेला. म्हणूनच कोणतीही फाइल लिहिण्याआधी मी दोन जागा बघतो. ८ मेगाबाइटच्या फाइलमध्ये `7FFFF0` ला उडी असली पाहिजे, नुसते `FF` नाहीत. आणि इंटेलच्या बोर्डाची पूर्ण फाइल असेल तर `10` या पत्त्यावर `5A A5 F0 0F` दिसलं पाहिजे. ते नसेल तर ती फाइल पूर्ण चिपची नाही, नुसत्या बायोस भागाची आहे, आणि ती शून्यापासून लिहिली तर बोर्ड चालू होणार नाही.

पुढे त्याला कुणीतरी सांगितल्यावर त्याने पाकीट पुढून काढलं, तीच फाइल दोन्ही चिपांवर लिहिली आणि दोन्ही पीसी सुरू झाले. त्याने पैसे घेतले. पंधरवड्यात ऑफिसात भांडणं सुरू झाली. एका पीसीवर टॅली उघडली की दुसऱ्याची तुटायची. केबल बदलल्या, स्विच बदलला, इंटरनेटवाल्याला शिव्या घालून झाल्या. एक पीसी बंद ठेवला की दुसरा व्यवस्थित.

माझ्याकडे आल्यावर मी दोन्हींवर नेटवर्क कार्डाचा पत्ता सांगणारी `getmac` कमांड चालवली. दोन्हीकडे `88-88-88-88-87-88`. साइटवरच्या फाइलमध्ये नेटवर्कच्या भागात हा नमुन्याचा पत्ता भरलेला असतो. कंपनीची स्वतःची अपडेटची पद्धत तो भाग सोडून बाकीचं लिहिते, म्हणून खरा पत्ता शाबूत राहतो. प्रोग्रॅमरला असा काही विवेक नसतो, तो सांगाल ते लिहितो. मग राउटर दोघांना एकच आयपी देणार, आणि स्विचला कळणारच नाही की हा पत्ता नक्की कोणत्या पोर्टावर आहे.

मुद्दा असा की बायोसची चिप म्हणजे फक्त बायोस नसतो. इंटेलच्या बोर्डावर तिचे भाग पाडलेले असतात: सुरुवातीला नकाशा, मधे मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र संगणकाचा, भाग आणि नेटवर्कचा छोटा भाग, आणि शेवटी बायोस. बोर्डाचा सीरियल नंबर, युनिक आयडी, लॅपटॉपात विंडोजची की, हे सगळं त्याच चिपमध्ये. लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या अपडेटने बिघडलेला होता तो बायोसचा भाग. बाकीचं बहुधा जसंच्या तसं होतं. न वाचता पुसल्यामुळे ते गेलं. बंद बोर्डाच्या चिपचा बॅकअप चालू बोर्डाच्या बॅकअपपेक्षा जास्त कामाचा असतो, कारण तो दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

बॅकअप असता तर काम अर्ध्या तासाचं होतं. वाचलेल्या फाइलचे भाग वेगळे करायचे:

```
ifdtool -x vachan1.bin
```

यातून `flashregion_3_gbe.bin` नावाची ८ किलोबाइटची फाइल निघते. तो जुना भाग नव्या फाइलमध्ये त्याच जागी बसवायचा, झालं. इथे बॅकअप नव्हता, म्हणून बोर्डावरच्या स्टिकरवरून खरे पत्ते उतरवून घेतले. त्या भागात ४-४ किलोबाइटच्या दोन प्रती असतात आणि प्रत्येकीचे पहिले सहा बाइट म्हणजे पत्ता. दोन्हीकडे बदलायचा. मग बेरीज जुळवायची: पहिले १२८ बाइट दोन-दोनच्या जोडीने, लहान बाइट आधी धरून मिळवले तर उत्तराचे शेवटचे चार हेक्स अंक `BABA` यायला हवेत. ते येण्यासाठी त्या प्रतीतल्या `7E` या पत्त्यावरची जोडी बदलायची. बेरीज जुळली नाही तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कार्ड स्वीकारतच नाही, आणि माणूस नव्या कोड्यात अडकतो. सीरियल नंबर आणि युनिक आयडी मात्र गेले ते गेले.

दुसऱ्या कुणाच्या बोर्डाची ‘टेस्टेड बिन’ ग्रुपवरून उतरवून टाकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चालतं, नाही असं नाही. पण त्या फाइलमध्ये त्याचा सीरियल, त्याचा पत्ता आणि त्याच्या बोर्डावर आधीच चालून गेलेलं मॅनेजमेंट इंजिन असतं. पंखा फुल स्पीडने, चालू व्हायला एक मिनिट, किंवा बरोबर अर्ध्या तासाने आपोआप बंद, अशी तक्रार आली की मी आधी तिकडे बघतो. त्या भागाचं फर्मवेअर नीट सापडलं नाही तर बरेच इंटेल बोर्ड ३० मिनिटांनी स्वतःला बंद करतात.

माझी दुसरी चीड: व्होल्टेज न बघणे

ही चूक फ्लॅशइतकी नवी नाही, ईप्रॉमइतकी जुनी आहे. २७१६ ला लिहिताना २५ व्होल्ट लागायचे. २७६४ ला २१. मग २७६४ए आली, तिला साडेबारा. पुढे फक्त एक ‘ए’. तो न बघता २१ व्होल्ट दिले की चिप गरम होऊन कायमची शांत. त्या काळात निदान चिपा महाग होत्या म्हणून माणसं आकडा नीट वाचायची.

आज ३.३ व्होल्टच्या जमान्यात लोक म्हणतात, एवढ्याशा व्होल्टने काय होतंय? आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसची चिप १.८ व्होल्टची असते. तिची मर्यादा १.६५ ते १.९५. तिला ३.३ दिले तर कधी ती लगेच मरते, कधी वाचताना कचरा देते, आणि कधी व्यवस्थित चालून महिन्याने दगा देते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण तोवर तुम्ही पैसे घेतलेले असतात.

ओळखायचं भिंगाने, चिपवरचा नंबर वाचून. विनबाँडच्या चिपेत `W25Q64FV` किंवा `JV` म्हणजे ३.३ व्होल्ट, आणि `W25Q64FW` किंवा `JW` म्हणजे १.८. शेवटचं अक्षर, बस. मॅक्रॉनिक्समध्ये `MX25L` म्हणजे ३.३ आणि `MX25U` म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये मध्ये `L` आला, म्हणजे `GD25LQ`, की १.८. छपाई पुसट असेल तर स्पिरिट लावून तिरप्या उजेडात धरा. नंबर वाचता येत नसेल तर प्रोग्रॅमर लावूच नका. आधी बोर्ड स्टँडबायवर ठेवून चिपच्या आठव्या पायावर मल्टीमीटर धरा, तिथे खरा आकडा मिळेल. ‘लावून बघू, आयडी आला तर ठीक’ हा शहाणपणा नको, आयडी विचारायलासुद्धा व्होल्टेज द्यावंच लागतं.

आणि तो सगळ्यांकडे असलेला काळा प्रोग्रॅमर. त्यावरची मुख्य चिप `CH341A`. स्वस्त आहे, कामाचाही आहे, मीही वापरतो. पण त्याच्या काळ्या बोर्डांत सर्रास आढळणारा दोष माहीत हवा: चिपच्या आठव्या पायाला तो ३.३ व्होल्ट देतो, पण डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट फेकतो, कारण मुख्य चिप थेट यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. विश्वास नसेल तर क्लॉकच्या आणि सिलेक्टच्या पायावर मीटर धरून बघा. ३.३ व्होल्टच्या चिपा हे बऱ्याचदा सोसतात, पण चिप बोर्डावर असताना तेच ५ व्होल्ट चिपसेटच्या पायांपर्यंतही पोचतात. मी माझ्या बोर्डावर मुख्य चिपचा सप्लाय ५ वरून तोडून ३.३ वर जोडून घेतलाय. ज्याला सोल्डरिंगचा हात नाही त्याने व्होल्टेज निवडता येणारा प्रोग्रॅमर घ्यावा. १.८ साठी वेगळा ॲडॅप्टर मिळतो. तो लावल्यावरही मी मीटर धरतोच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एकाच पाकिटातल्या दोन ॲडॅप्टरांत एक नीट आणि एक ३.३ जसेच्या तसे पुढे देणारा निघालेला आहे.

क्लिप लावून वाचले, म्हणजे बरोबरच वाचले?

नाही. क्लिपने चिप बोर्डावरच वाचता येते हे खरं, पण चिपला दिलेली वीज बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या लाइनवरून चिपसेटलाही जायला लागते. बिचारा प्रोग्रॅमर एवढा भार ओढू शकत नाही, व्होल्टेज बसतं आणि वाचलेले बिट डळमळतात. त्यात चिपसेट अर्धवट जागा झाला तर तोही त्याच तारांवर बोलायला लागतो.

म्हणून बॅटरी काढायची, चार्जर काढायचा, बटण सेलही काढायचा. मग दोनदा वाचायचं, आणि मधे क्लिप काढून पुन्हा लावायची:

```
flashrom -p ch341a_spi -r vachan1.bin
flashrom -p ch341a_spi -r vachan2.bin
sha256sum vachan1.bin vachan2.bin
```

दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या आल्या तरच तो बॅकअप. न जुळल्यास तिसऱ्यांदा वाचून ‘दोन विरुद्ध एक’ असं मतदान घेऊ नका, चिप हॉट एअरने काढा. आणि जुळूनही दोन्ही फाइली नुसत्या `FF` च्या असतील तर त्या सारख्या असणारच की! क्लिप उलटी लागली असेल किंवा एखादा पाय टेकत नसेल. चिपवरचा टिंब म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार तिथे. मी पुसण्याआधी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून शेवटचे १६ बाइट आणि बायोसच्या आवृत्तीचा मजकूर डोळ्यांनी पाहतो. संगणकाने ‘यशस्वी’ म्हटलं यावर माझा फारसा विश्वास नाही.

ईप्रॉमवाल्यांसाठी

अजून आहेत. जुन्या सीएनसी मशीनचे कंट्रोलर बंद पडले की एमआयडीसीतून खिडकीवाल्या चिपा घेऊन माणसं येतात. त्यांना पहिलं सांगणं: खिडकीवरचा स्टिकर काढून ‘आत बघू नका’. इंटेलच्या जुन्या डेटाशीटनुसार थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत २७१६ पुसली जाऊ शकते.

दुसरं, पुसायला २५३.७ नॅनोमीटरचा दिवा लागतो. नखांच्या जेलचा दिवा किंवा नोटा तपासायचा टॉर्च ३६५ किंवा त्यापुढचा असतो, त्याखाली रात्रभर ठेवून सकाळी मला फोन करू नका. योग्य दिव्याखाली एक इंचावर १५ ते २० मिनिटं पुरतात. दिव्याकडे बघायचं नाही, डोळे जातात.

तिसरं, चिप कोरी दिसायला लागल्यावर लगेच काढू नका. काही कप्प्यांत थोडे इलेक्ट्रॉन उरलेले असतात. थंड असताना ती कोरी वाचली जाते आणि मशीन तापल्यावर एखादा बिट उलटतो. कोरी दिसल्यावर मी आणखी तेवढाच वेळ ठेवतो. घाईत पुसलेली चिप पडताळणीत पास होते आणि कारखान्यात दुपारी दोन वाजता नापास होते. आणि काळ्या प्लॅस्टिकची, बिनखिडकीची २७सी२५६ आणून ‘पुसून द्या’ म्हणणाऱ्यांनो, आत ईप्रॉमच आहे, पण उजेड जायला जागा नाही. एकदाच लिहायची ती.

बाकी, थोडक्यात

चालू पीसीत चांगल्या चिपने बूट करून चालू स्थितीतच ती उपसायची, खराब चिप बसवायची आणि फ्लॅश करायची, ही जुनी युक्ती अजून सांगितली जाते. आठ पायांच्या चिपचा प्रोग्रॅमर इतका स्वस्त मिळत असताना चांगला बोर्ड पणाला लावणाऱ्याला मी चिप विकतही नाही.

आर्डुइनोच्या ईईप्रॉमवर `loop()` मध्ये सेकंदाला एकदा एकाच पत्त्यावर नवी किंमत लिहिलीत, तर एक लाख वेळांची तिची हमी २८ तासांत संपते. बदललं असेल तरच लिहा, `EEPROM.update()` त्यासाठीच आहे.

दोन ईप्रॉम असलेल्या जुन्या २८६ बोर्डावर एक चिप सम बाइटांची, दुसरी विषम बाइटांची. जागा बदलल्या तर दोन्ही चिपा निर्दोष आणि बोर्ड बंद. काढण्याआधी फोटो घ्या.

बायोस अपडेट करताना ‘अडकलंय’ वाटून पॉवर बटण दाबू नका. ८ मेगाबाइट पुसायला आणि लिहायला काही मिनिटं लागतात, आणि त्यात पट्टी हलेलच असं नाही.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ईफ्यूज असतात. १९५६ ची प्रॉमच ती, जाळलेला बिट परत येत नाही. ‘सिक्युअर बूट करून बघू’ म्हणून ऐकीव कमांड चालवण्याआधी `espefuse.py summary` ने आत काय आहे ते वाचा, ते फुकट आहे. आणि `burn` ने सुरू होणारी कमांड आली की ते सॉफ्टवेअर तुमच्याकडून `BURN` टाइप करून घेतं. तो प्रश्न टाळण्यासाठी `--do-not-confirm` लावून दिलेली स्क्रिप्ट कुणी पाठवली, तर ती आधी पाठवणाऱ्याच्या बोर्डावर चालवायला सांगा.